उभा अक्ष, आडवी पोरं

फळ्यावरच्या तक्त्याचं आयुष्य फार थोडं असतं. सर तो लिहीत असतात तेवढा वेळ वर्गात शांतता असते, कारण सगळे उतरवून घेत असतात. उतरवून झाला की त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. मग सर म्हणतात, ‘याचा आलेख काढला की सरळ रेषा येते,’ आणि फळ्याच्या कोपऱ्यात एक तिरकी रेघ ओढतात. पोरं तीही उतरवून घेतात. रेषा सरळ येते हे सगळ्यांना पाठ होतं. ती कुणी आणली आणि कशी आणली, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

म्हणून दर वर्षी कॉलेज सुरू झालं की आमच्या भौतिकशास्त्र विभागात ठराव होतो: यंदा व्याख्यानातल्या तक्त्यांच्या सराव-पत्रिका करायच्या. वर तक्ता, खाली कोरी चौकट, अक्ष, प्रमाण. पोरांनी फक्त बिंदू मांडायचे. ठराव एकमताने होतो आणि काम एकाच्या गळ्यात पडतं. तो गळा बहुतेक माझा असतो, कारण बाकीच्यांना ‘कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही’. महागाई भत्त्याच्या फरकाची रक्कम मात्र याच मंडळींना कॉम्प्युटरवर पैशापर्यंत काढता येते.

साध्या लंबकाचाच तक्ता घ्या. दोऱ्याला टांगलेला पितळी गोळा, दोऱ्याची लांबी बदलत न्यायची, दर वेळी वीस दोलनांना लागलेला वेळ मोजायचा. त्याला विसाने भागलं की आवर्तकाल, त्याचा वर्ग म्हणजे T², आणि लांबी L आडवी, T² उभा असा आलेख. व्याख्यानातला तक्ता ६० सेंटिमीटरपासून निघतो आणि दहा-दहाच्या उड्या मारत १२० वर पोचतो. ६० ला ३१.१ सेकंद, ७० ला ३३.६, ८० ला ३५.९, असं करत करत १२० ला बरोबर ४४.०. काय तो सोज्वळ तक्ता! यातला एकही आकडा लंबकाने दिलेला नाही. सरांनी g चं मूल्य ९.८ धरलं, सूत्रात घातलं आणि वेळ काढला. पोरं त्याच वेळेवरून पुन्हा g काढणार, ते ९.८ येणार आणि ‘प्रयोग यशस्वी’ म्हणून सगळे कॅन्टीनला जाणार.

पण तक्त्याकडे नंतर येऊ. आधी चौकोन. कोऱ्या चौकटीसाठी एक मिलिमीटरच्या बारीक रेघा आणि दर सेंटिमीटरला एक ठळक रेघ हवी. हे ऐकायला सोपं आहे. आमच्या एका सहकाऱ्यांनी ते वर्डमध्ये टेबल टाकून करायला घेतलं. अठरा सेंटिमीटर रुंदीला एकशेऐंशी रकाने लागतात आणि वर्ड त्रेसष्टच्या पुढे रकाना देत नाही. त्रेसष्ट का, हे मायक्रोसॉफ्टलाच ठाऊक. सरांनी त्रेसष्ट रकान्यांची तीन टेबलं शेजारी शेजारी लावली. मग ओळीची उंची एक मिलिमीटर करायला गेले, तर ओळ अक्षराएवढी उंच राहायचा हट्ट धरून बसली. शेवटी जे छापून आलं त्यात आडवा मिलिमीटर मिलिमीटरएवढा होता आणि उभा मिलिमीटर साबुदाण्याएवढा. सर म्हणाले, ‘चालतंय की, पोरांना काय कळतंय.’

दुसरा मार्ग म्हणजे गुगलवरून ग्राफ पेपरचं चित्र उतरवून घ्यायचं. हे चित्र पडद्यावर सुंदर दिसतं. छापलं की पुसट होतं. त्याची झेरॉक्स काढली की मिलिमीटरच्या निम्म्या रेघा उडतात, आणि झेरॉक्सवाल्या काकांनी मशीन ‘डार्क’ केलं की उरलेल्या इतक्या काळ्या होतात की पोराने पेन्सिलीने काढलेला बिंदू त्या गर्दीत शोधून सापडत नाही. म्हणून रेघा चित्र म्हणून न चिकटवता काढूनच घ्याव्या लागतात. ज्यांच्याकडे लाटेक आहे त्यांचं काम दोन ओळींत होतं:

```
\draw[step=1mm,gray!40,very thin] (0,0) grid (18,24);
\draw[step=1cm,gray!90,thin] (0,0) grid (18,24);
```

अठरा बाय चोवीस सेंटिमीटरची चौकट, ए-फोर कागदावर बसते, वर नाव-रोल नंबर आणि तक्त्याला जागा उरते. बारीक रेघ फिकट करडी ठेवायची, पण एवढीच फिकट की मूळ प्रतीच्या झेरॉक्समध्ये टिकेल. किती फिकट ते पुस्तकात सापडत नाही. काकांच्या मशीनवर एक प्रत काढून बघायची. काकांचं मशीन हे अंतिम न्यायालय आहे.

आणि मग ती छपाईच्या वेळची छोटीशी खिडकी. तिच्यात ‘फिट’ नावाचं एक बटण आधीच निवडलेलं असतं. ते तसंच राहिलं की प्रिंटर कडेला आपल्या सोयीची पांढरी पट्टी सोडतो आणि सगळा कागद थोडा आक्रसतो. म्हणून मी प्रत्येक पत्रिकेच्या तळाला एक रेघ टाकतो आणि तिच्याखाली लिहितो, ‘ही रेघ १० सेंमी आहे’. पहिली प्रत बाहेर आली की तिच्यावर पट्टी ठेवायची. नऊ पूर्णांक सहा भरली, तर चूक ‘फिट’ची.

आता गंमत बघा. कागद चार टक्क्यांनी आक्रसला तरी चौकोन मोजून बिंदू मांडणाऱ्याचं काहीच बिघडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चौकोन म्हणजेच सेंटिमीटर. पट्टी लावून मांडणाऱ्याचे बिंदू मात्र वर सरकतात आणि उजवीकडेही सरकतात. दोन्हीकडे सारख्याच प्रमाणात सरकल्यामुळे रेषेचा चढ तोच राहतो आणि g पुन्हा ९.८ येतो. सगळं चुकून उत्तर बरोबर! बुडतो तो तिसराच. हा उभ्या अक्षावर पट्टी लावतो आणि आडव्यावर चौकोन मोजतो. त्याचा चढ चार टक्के जास्त येतो, g ९.४ येतो आणि तो पितळी गोळ्याकडे संशयाने बघायला लागतो. असा मुलगा प्रत्येक बॅचमध्ये असतो आणि तो नेहमी खिडकीशी बसतो.

चौकट झाली, आता प्रमाण. प्रमाण ठरवायची रीत साधी आहे. तक्त्यातला सगळ्यात मोठा आकडा घ्यायचा, अक्षावर जेवढे सेंटिमीटर आहेत त्याने भागायचं, आणि जे येईल त्याच्या वरचा १, २ किंवा ५ च्या घरातला आकडा धरायचा. लांबी १२०, जागा अठरा सेंटिमीटर. भागाकार ६.६७. वरचा सोयीचा आकडा दहा. म्हणजे एका सेंटिमीटरला दहा. बारा सेंटिमीटर वापरले, सहा शिल्लक राहिले. इथे वर्गातला हुशार मुलगा हात वर करतो.

‘सर, कागद पुरेपूर वापरायचा असतो ना?’

‘हो.’

‘मग एका सेंटिमीटरला सात घेऊ का? सतरा सेंटिमीटर भरतात.’

हिशोबात मुलगा बरोबर आहे, व्यवहारात नाही. सात घेतले की बारीक चौकोनाची किंमत ०.७. आता ८५ हा आकडा मांडायचा तर तो बारा सेंटिमीटर आणि वर १.४ मिलिमीटरवर येतो. प्रत्येक बिंदूला एक भागाकार, त्यातल्या दोन-तीन भागाकारांत घोळ, आणि मग रेषेवरून परत आकडे वाचताना त्याच वाटेने उलटा प्रवास. दहाच्या प्रमाणात ८५ म्हणजे साडेआठ सेंटिमीटर, विषय संपला. कागदाचे सहा सेंटिमीटर वाया गेले म्हणून कुणाचं घर बसत नाही. निम्म्याहून अधिक कागद व्यापला की पुरे.

उभ्या अक्षाची कथा वेगळी आहे. १२० च्या ओळीत वेळ ४४.०, आवर्तकाल २.२, वर्ग ४.८४. जागा चोवीस सेंटिमीटर. भागाकार ०.२०१७. दुष्टपणाची हद्द बघा. ०.२ च्या प्रमाणात ४.८४ हा बिंदू २४.२ सेंटिमीटरवर येतो, म्हणजे चौकटीच्या बाहेर बरोबर दोन मिलिमीटर. आणि नियमाप्रमाणे वरचं प्रमाण घ्यायचं तर ते ०.५, म्हणजे सगळा आलेख जेमतेम दहा सेंटिमीटरात येऊन निम्म्याहून अधिक कागद रिकामा. दोन मिलिमीटरसाठी चौदा सेंटिमीटरवर पाणी सोडायचं!

पोरं यावर आपला उपाय करतात. चौकटीच्या वर पेन्सिलीने हाताने दोन रेघा वाढवतात आणि शेवटचा बिंदू त्या गच्चीवर नेऊन ठेवतात. काही जण तो चौकटीच्या वरच्या रेघेवरच बसवतात आणि ‘अंदाजे’ म्हणतात. पत्रिका करणाऱ्याला मात्र एक अधिकार आहे जो विद्यार्थ्याला नाही: त्याने १२० ची ओळच तक्त्यातून काढून टाकावी. ११० ला T² येतो ४.४३, म्हणजे २२.२ सेंटिमीटर, चौकटीत ऐसपैस. व्याख्यानातला तक्ता हा काही सातबारा नाही, एक ओळ खोडली म्हणून कुणी तलाठ्याकडे जात नाही.

आता त्या सोज्वळ तक्त्याकडे येतो, कारण खरी मेख तिथे आहे.

पत्रिका तपासायला लागलं की एका प्रकारचा आलेख दर गठ्ठ्यात भेटतो. त्यातली रेषा विलक्षण सरळ असते. एकही बिंदू हललेला नाही. ती कागदाच्या कोपऱ्यातून निघून नेमकी पंचेचाळीस अंशांत वर जाते. वाटतं, काय मुलगी आहे! मग अक्ष वाचावेत. आडव्या अक्षावर सारख्या अंतरावर ६०, ७०, ८०, ९० लिहिलेलं असतं, ते ठीकच आहे. उभ्या अक्षावर तितक्याच सारख्या अंतरावर २.४२, २.८२, ३.२२, ३.६३ लिहिलेलं असतं. म्हणजे प्रमाण वगैरे भानगडच नाही. तक्त्यातला आकडा जसाच्या तसा उचलला आणि ओळीने अक्षावर टांगला. पहिला आकडा पहिल्या रेघेवर, दुसरा दुसऱ्या रेघेवर. मग पहिला बिंदू (१,१) वर, दुसरा (२,२) वर. या पद्धतीने जगातला कुठलाही चढता तक्ता पंचेचाळीस अंशांतली सरळ रेषाच देतो. लंबक असो, लोकसंख्या असो, कांद्याचा भाव असो. न्यूटनलाही एवढा व्यापक नियम सापडला नाही.

व्याख्यानातला तक्ता ही चूक पकडतच नाही. उलट तिला पाठीशी घालतो, कारण लांबी दहा-दहाने वाढते आणि T² ही जवळपास सारखाच वाढतो. सरांनी केलेली सोय पोरांच्या चुकीची सोय होऊन बसते. म्हणून पत्रिकेत तक्ता थोडा बिघडवावा लागतो. लांब्या घ्यायच्या ४०, ५५, ६०, ८५, ९०, ११०. मधली अंतरं मुद्दाम विषम: पंधरा, पाच, पंचवीस, पाच, वीस. आडव्या अक्षावर हे आकडे सारख्या अंतराने टांगणाऱ्याची रेषा लगेच उंबरे ओलांडत चालल्यासारखी दिसते, एक लहान पाऊल, एक मोठं.

पण दोन्ही अक्षांवर टांगणारा अजून सुटतो, कारण तक्ता चढताच आहे. त्याच्यासाठी वेगळा सापळा. ८५ ची ओळ दोनदा द्यायची. एकदा वेळ ३७.० आणि एकदा ३७.३, कारण तोच प्रयोग पुन्हा केला तर वेळ तंतोतंत तीच येत नाही. पहिल्याचा T² ३.४२, दुसऱ्याचा ३.४८. ज्याला प्रमाण कळलं आहे त्याचे दोन बिंदू एकाच उभ्या रेघेवर पावणेतीन मिलिमीटर अंतराने एकाखाली एक येतात. ज्याला कळलेलं नाही त्याच्या अक्षावर ८५ दोनदा लिहिलेलं सापडतं, ८५ आणि शेजारी पुन्हा ८५. पुढच्या बाकावर ही पत्रिका करताना एक मुलगी बराच वेळ थांबली आणि म्हणाली, ‘सर, पंच्याऐंशीच्या पुढे पंच्याऐंशी कसा येईल?’ मी काही बोललो नाही. तिने खोडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तक्त्यातले आकडे पाहिजे तसे आणि अक्षावरचे आकडे समान टप्प्यांचे, ही गोष्ट फळ्यावर सांगून डोक्यात जात नाही. दुसरा ८५ ती सांगतो.

त्या ०.३ सेकंदालाही अर्थ आहे. स्टॉपवॉच दाबताना माणसाचा हात पाव सेकंदाच्या आसपास इकडे-तिकडे होतोच. वीस दोलनांत तेवढी चूक म्हणजे T² मध्ये सुमारे एक टक्का, म्हणजे आपल्या कागदावर दोनेक मिलिमीटर. म्हणून पत्रिकेतले वेळ सूत्रातून काढून झाले की त्यांत थोडी मानवता मिसळायची. ३१.१ च्या जागी ३१.३, ३८.१ च्या जागी ३७.९. नाहीतर सगळे बिंदू रेषेवर शिस्तीत बसतात आणि पोरांना वाटतं की रेषा म्हणजे बिंदू जोडणं. बिंदू हलले की मग खरी पंचाईत होते. काही जण एका बिंदूतून दुसऱ्याकडे, दुसऱ्यातून तिसऱ्याकडे जात सह्याद्रीची रांग काढतात. काही पहिला आणि शेवटचा जोडून मधल्यांना वाऱ्यावर सोडतात. बिंदूंच्या मधून, थोडे वर थोडे खाली ठेवत, एकच रेघ काढायची हे करताना हातात पारदर्शक पट्टी लागते. लोखंडी पट्टीने खालचे बिंदू झाकले जातात आणि झाकलेल्यांचा कुणी विचार करत नाही.

इथे उत्साही शिक्षकाला एक इशारा. लंबकाच्या तक्त्यात आणखी एक सुरेख चूक पेरता येते: लांबी म्हणून फक्त दोऱ्याची लांबी द्यायची, गोळ्याची त्रिज्या मिळवायची नाही. गोळा दोन सेंटिमीटर व्यासाचा असेल तर रेषा आरंभबिंदूतून न जाता उभ्या अक्षाला ०.०४ वर, म्हणजे दोन मिलिमीटर वर छेदते. आणि चढ तसाच राहतो, g बरोबरच येतो! पोरांना हे पटायला वेळ लागतो, पण पटलं की विसरत नाहीत. मात्र ही चूक आणि स्टॉपवॉचची चूक एकाच पत्रिकेत घालू नये. दोन्ही दोन-दोन मिलिमीटरच्याच आहेत, त्यामुळे हाताची चूक गोळ्याची त्रिज्या गिळून टाकते आणि शेवटी कुणालाच काही दिसत नाही. त्रिज्येच्या पत्रिकेला तोच जुना सोज्वळ तक्ता द्यावा. तिथे त्याचा सोज्वळपणा कामाला येतो. आणि त्या पत्रिकेत अक्ष शून्यापासूनच सुरू झाला पाहिजे. आडवा अक्ष ६० पासून सुरू केला तर कागद छान भरतो, पण जिथे बघायचं तो कोपराच कागदावर राहत नाही.

एवढं सगळं झाल्यावर किती छापायचं आणि किती कोरं सोडायचं, हा प्रश्न उरतो. सगळं छापलं, म्हणजे अक्ष, नावं, एककं, आकडे, प्रमाण, तर पोरांना टिंब देण्याखेरीज काम उरत नाही आणि दहा मिनिटांत ‘सर, झालं’ सुरू होतं. काहीच छापलं नाही तर तास संपेपर्यंत निम्मा वर्ग प्रमाणावरच वाद घालत बसतो. मी तीन पत्रिका करतो. पहिलीत सगळं छापलेलं, फक्त बिंदू आणि रेषा त्यांची. दुसरीत अक्ष आणि त्यांची नावं छापलेली, आकडे कोरे. तिसरीत नुसती चौकट आणि वर तक्ता. त्यातही T² चा रकाना कोरा, म्हणजे कुठल्या अक्षावर काय घ्यायचं हेही त्यांनीच ठरवायचं. विभागप्रमुख तिसरी पत्रिका बघून दर वर्षी म्हणतात, ‘अहो, यात तुम्ही काय केलंत? हा तर कोरा ग्राफ पेपर आहे.’

तपासणीचं म्हणाल तर पहिल्या पत्रिकेला पारदर्शक शीटवर उत्तर छापून घ्यावं आणि एकेका कागदावर ठेवत जावं. सरकलेला बिंदू लांबूनही दिसतो, गठ्ठा एका चहात संपतो. दुसरीलाही ते चालतं, पण सगळ्यांनी एकच प्रमाण घेतलं असेल तरच. तिसरीला ही युक्ती लागू पडत नाही, कारण प्रत्येकाचं प्रमाण वेगळं. तिथे तीनच गोष्टी बघा: अक्षावरचे टप्पे समान आहेत का, प्रमाण कोपऱ्यात लिहिलंय का, आणि चढ काढताना घेतलेले दोन बिंदू रेषेवरचे, एकमेकांपासून लांबचे आहेत की तक्त्यातलेच उचललेत. मग उत्तर बघा. बिंदू हललेले असताना ९.५ ते १०.१ मध्ये काहीही आलं तर मनापासून बरोबरची खूण करा. नेमकं ९.८ आलं असेल, तर त्या पोराला जवळ बोलवा आणि तुमच्यासमोर रेघ पुन्हा काढायला लावा.